धुळे ते जळगाव: एक रेडियल बरोबर, तरी विमान सहा मैल बाजूला

धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवरून जळगाव विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती साधारण ५० सागरी मैलांची होते आणि तिची दिशा ०८७ अंश येते, म्हणजे जवळजवळ पूर्वच. दीडशे नॉटच्या विमानाला वीस मिनिटे पुरतात. एवढ्या छोट्या मार्गावर रस्ता चुकायला वाव तो किती, असे कोणालाही वाटेल. खाली पांझरा, बोरी, गिरणा दिसत असतील तर नाहीच चुकत. पण आमच्या सिम्युलेटरच्या वर्गात हा सराव मुद्दाम ढगांच्या सलग थरावरून करून घेतला जातो, आणि निघाल्यानंतर जीपीएस बंद केले जाते. मग उरतात जमिनीवरच्या केंद्रापासूनची दिशा सांगणारे दोन व्हीओआर रिसीव्हर, केंद्रापासूनचे अंतर दाखवणारे एक डीएमई, होकायंत्र आणि घड्याळ.

हे प्रकरण अशाच एका सरावाचे. खुर्चीत अमळनेरचा एक विद्यार्थी, शेजारी मी. विमान दोन इंजिनांचे, उंची ११,५०० फूट. गोंदूरच्या डोक्यावर घड्याळ सुरू केले आणि ०८७ वर नाक ठेवून तो निघाला. हवामानाच्या कागदावर वारा शांत होता. प्रत्यक्षात मी दक्षिणेकडून १५ नॉटचा वारा सोडला होता आणि जायरोवर चालणारा दिशादर्शक गुपचूप बारा अंशांनी सरकवून ठेवला होता. खऱ्या विमानातही हा दिशादर्शक हळूहळू सरकतो. ठरावीक वेळाने चुंबकी होकायंत्राशी ताडून तो जुळवावा लागतो, आणि गडबडीत नेमके तेच राहून जाते.

आधी व्हीओआर काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते पाहू. जमिनीवरचे केंद्र १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन खुणा एकत्र पाठवते, दोन्ही सेकंदाला तीस आवर्तनांच्या. एकीची कला, म्हणजे आवर्तनातला टप्पा, सगळ्या दिशांना सारखीच असते. दुसरीची कला दिशेनुसार बदलत जाते. चुंबकी उत्तरेला दोन्ही जुळलेल्या असतात, पूर्वेला त्यांच्यात ९० अंशांचा फरक पडतो, दक्षिणेला १८० अंशांचा. विमानातला रिसीव्हर हा फरक मोजतो, आणि तो फरक म्हणजेच रेडियल, केंद्रापासून बाहेर जाणारी एक किरणरेषा. यात विमानाचे नाक कुठे आहे याचा संबंध कुठेच येत नाही. तुम्ही जागच्या जागी गिरकी घेतलीत तरी रेडियल तोच राहील. साध्या व्हीओआर दर्शकाबद्दलचे निम्मे गैरसमज हे लक्षात न ठेवल्याने होतात.

दर्शकावर तीन गोष्टी असतात. ओबीएसची गोल खुंटी फिरवली की वरच्या खुणेखाली हवा तो आकडा येतो. मधला उभा काटा निवडलेल्या रेषेपासून आपण किती अंश बाजूला आहोत ते दाखवतो. दर ठिपक्याला दोन अंश, म्हणजे पाच ठिपक्यांना दहा अंश, आणि त्यापुढे काटा कडेला टेकून बसतो. तिसरी गोष्ट टू-फ्रॉमची खूण: निवडलेली दिशा केंद्राकडे नेते की केंद्रापासून दूर, ते ती सांगते. जागा शोधायची असेल तर काटा मध्यावर येईपर्यंत खुंटी फिरवायची, पण फ्रॉम दिसत असताना. मग वरचा आकडा हाच आपला रेडियल. टू दिसत असताना काटा मध्यावर आला, तर वरचा आकडा केंद्राकडे जायची दिशा सांगतो आणि रेडियल खालच्या टोकाला वाचायचा असतो.

या मार्गावर वापरायची केंद्रे दोन घेतली: दक्षिणेला छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे चिकलठाणा विमानतळाचे, आणि उत्तरेला इंदूरचे. पुढचे आकडे नकाशावर मोजून जवळच्या अंशापर्यंत घेतले आहेत. या पट्ट्यात चुंबकी आणि भौगोलिक उत्तरेत एका अंशाचाही फरक पडत नाही, म्हणून तो हिशेबातून सोडला आहे. वारंवारता नेहमी चालू नकाशावरूनच घ्यावी, पाठांतरावरून नाही.

निघण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक तक्ता केला होता, आणि चांगला केला होता. आठव्या मिनिटाला आपण २० मैल पुढे असू, तिथे चिकलठाण्याचा रेडियल ३४५ यायला हवा आणि इंदूरचा २००. जळगावच्या डोक्यावर हेच आकडे ०११ आणि १८५.

आठवे मिनिट आले. पहिल्या रिसीव्हरवर चिकलठाणा लावले, मोर्समधली ओळख ऐकून घेतली, खुंटी फिरवली. फ्रॉम, काटा मध्यावर, आकडा ३४५. पोराचा चेहरा खुलला. "सर, काटा त बरोबर मधमा शे," म्हणाला. काटा मधोमध होता आणि आकडाही तक्त्यातलाच होता. त्याने मार्गावर आठ मिनिटांच्या जागी फुली मारली आणि पेन्सिल खाली ठेवली.

त्या वेळी विमान प्रत्यक्षात अमळनेरच्या डोक्यावर होते. ठरलेला मार्ग अमळनेरच्या दक्षिणेकडून, पारोळ्याच्या बाजूने जातो. म्हणजे विमान मार्गापासून सहा मैल उत्तरेला भरकटले होते.

काट्याने खोटे काही सांगितले नव्हते. चिकलठाण्यापासून ३४५ अंशांवर निघालेली रेषा पारोळ्याच्या पश्चिमेने येते, ठरलेला मार्ग कापते आणि पुढे अमळनेरवरूनही जाते. त्या रेषेवर कुठेही उभे राहिलात तरी काटा मध्यावरच राहणार. पूर्वेकडे जाताना दक्षिणेच्या केंद्राचा रेडियल आपण मार्गावर किती पुढे आलो ते सांगतो, आणि ते त्याने अचूक सांगितले. मार्गाच्या डावी-उजवीकडे किती सरकलो, हा प्रश्न त्याला विचारलाच गेलेला नसतो. अपेक्षित आकडा आला म्हणून जागाही अपेक्षितच असणार, ही उडी विद्यार्थ्याने स्वतःच्या मनात मारली होती.

"दुसरी रेघ कुठाय?" असे विचारल्यावर त्याने दुसऱ्या रिसीव्हरवर इंदूर लावले. गोंदूरवर असताना त्याने हे एकदा करून पाहिले होते, पण तेव्हा खूण नीट मिळत नसल्याचे सांगणारी नॅव्हची लाल झेंडी जात नव्हती. त्याचे कारण उंची. व्हीओआरचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून पल्ला क्षितिजाने बांधलेला असतो. केंद्राच्या वर किती फूट आहोत त्याचे वर्गमूळ काढून १.२३ ने गुणले की पल्ला सागरी मैलांत अंदाजे कळतो. इंदूरचे केंद्र माळव्याच्या पठारावर, साधारण १,८५० फुटांवर आहे. आपण त्याच्या ९,६५० फूट वर, म्हणजे पल्ला साधारण १२० मैल. गोंदूर ते इंदूर १२३ मैल भरतात, तर अमळनेर ते इंदूर १०९. हेच विमान ५,५०० फुटांवर असते तर इंदूरचा पल्ला ७४ मैलांवर आला असता आणि अख्ख्या मार्गावर झेंडी हललीच नसती. हा हिशेब मधे डोंगर नाहीत असे धरून केलेला असतो. इथे सातपुडा आणि विंध्याची कड दोन्ही आडव्या आहेत, म्हणून कागदावर पल्ल्यात असलेले केंद्रही अधूनमधून झेंडी दाखवते. झेंडी दिसत असताना काटा मध्यावर असला, तरी त्याला काही अर्थ नसतो. खूण नसतानाही काटा नेमका मध्यावर विसावू शकतो.

आता अमळनेरवर झेंडी गेली होती आणि मोर्सही स्पष्ट होता. विद्यार्थ्याने खुंटी फिरवली, काटा मध्यावर आणला आणि लिहिले: इंदूर, रेडियल ०२२. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इंदूरहून ईशान्येच्या अंगाने माळव्यातच वर निघून गेली. चिकलठाण्याच्या रेघेला ती खानदेशात काय, कुठेच भेटेना. त्याने दर्शकाकडे पुन्हा पाहिले. टू होते. मग खालच्या टोकाचा आकडा वाचला, २०२. ही चूक पट्टी ठेवताच उघडी पडते, म्हणून मला तिची फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती आकडा नुसता वहीत लिहिणाऱ्यांची.

आता चिकलठाण्याचा ३४५ आणि इंदूरचा २०२. तक्त्यात इंदूरचा आकडा २०० होता, म्हणजे फरक दोन अंशांचा, दर्शकावर एक ठिपका. "दोनच अंश, चालतील," असे त्याला वाटले. या ठिकाणी मी सराव थांबवला, कारण मला शिकवायचे होते ते याच दोन अंशांत.

साठ मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल, हा वैमानिकांचा जुना हिशेब. १०९ मैलांवर एक अंश म्हणजे सुमारे १.९ मैल, आणि दोन अंश म्हणजे जवळजवळ चार. पण इंदूरची रेघ चार मैल सरकली म्हणून जागाही चारच मैल सरकली असे होत नाही. दोन रेघा एकमेकींना काटकोनात छेदत असत्या तर तसे झाले असते. इथे त्यांच्यातला कोन ३७ अंशांचा आहे. छेद जेवढा तिरका, तेवढा छेदबिंदू दुसऱ्या रेघेवरून लांब घसरतो. चार मैलांना ३७ अंशांच्या ज्येने, म्हणजे ०.६ ने भागा: सहा मैलांहून थोडे जास्त. विमान नेमके तेवढेच उत्तरेला होते.

पण हाच हिशेब उलटाही लागतो. दोन अंशांचा फरक खरा नसून उपकरणातला असेल तर? केंद्र, रिसीव्हर आणि वाचणारा मिळून व्हीओआरमध्ये पाच अंशांपर्यंत चूक होऊ शकते असे धरून चालतात. म्हणजे नुसत्या २०२ वर विसंबून विमान वळवणे धाडसाचे, आणि २०२ कडे दुर्लक्ष करणे त्याहून धाडसाचे. हे दोन अंश कुठून आले, ते आधी शोधायला हवे.

पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची. दुसऱ्या रिसीव्हरवरही चिकलठाणाच लावले. त्यावर ३४७ आले असते तर दोष रिसीव्हरच्या आपसातल्या फरकाचा ठरला असता. पण ३४५ च आले. दोन्ही रिसीव्हर एकमेकांशी जुळतात, म्हणजे दुसऱ्या रिसीव्हरने इंदूरला फुकट दोन अंश दिलेले नाहीत. इंदूरच्या खुणेत डोंगरामुळे वाक आला असण्याची शक्यता मात्र यातून मिटत नाही.

दुसरी तपासणी निर्णायक ठरली: चिकलठाण्याचे डीएमई. मार्गावर असतो तर अंतर ६७ मैल दिसायला हवे होते, दिसले ७३. ११,५०० फुटांवरून तिरके मोजल्याने पडणारा फरक एवढ्या लांबून मैलाच्या छोट्या अंशाइतकाच असतो, त्यामुळे हे सहा मैल त्या खात्यात टाकता येत नाहीत. डीएमईचे वर्तुळ आणि त्याच केंद्राचा रेडियल नेहमी काटकोनात छेदतात, म्हणून ही जोडी दोन व्हीओआरपेक्षा भरवशाची. ३४५ वर ७३ मैल मोजले आणि फुली अमळनेरवर पडली. पोरगा स्वतःच्या गावाच्या डोक्यावर होता आणि त्याला पत्ता नव्हता. वर्गात त्यावर हशा पिकला, तो पिकणारच होता.

मग भरकटण्याचे कारण. २० मैलांत ६ मैल बाजूला, साठाच्या हिशेबाने १८ अंश. शांत वाऱ्यात नाक ०८७ वर असताना १८ अंश जात नाहीत. १५० नॉटच्या विमानाला एवढे ढकलायला दक्षिणेकडून ४५ नॉटच्या पुढचा वारा लागेल. म्हणून मी त्याला होकायंत्र बघायला सांगितले. दिशादर्शक ०८७ दाखवत होता, होकायंत्र ०७५. बारा अंश तिथे सापडले, उरलेले सहा वाऱ्याचे. १५ नॉटचा आडवा वारा या वेगाला तेवढेच ढकलतो.

दुरुस्तीही साठाच्याच हिशेबाने झाली. ठरलेल्या मार्गाला समांतर व्हायला उजवीकडे १८ अंश, आणि उरलेल्या ३२ मैलांत सहा मैल भरून काढायला आणखी ११. एकूण २९. दिशादर्शक होकायंत्राशी जुळवून घेतला, नाक १०४ वर आणले. अमळनेरहून जळगाव विमानतळ ०९८ वर आहे, वाऱ्यासाठी सहा अंश उजवीकडे धरले की १०४ च येते. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा मिळाला की हिशेबावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

इथून पुढे विद्यार्थी सुटला असे वाटले होते. पण जळगाव जवळ येऊ लागले तसा त्याने पुन्हा दोन व्हीओआरचा छेद घ्यायला घेतला, कारण तो एकदा कामी आला होता. एरंडोलच्या आसपास चिकलठाणा ३५७ आणि इंदूर १९४ दाखवत होते. रेघा ओढल्या तर त्यांच्यातला कोन फक्त १७ अंश. जळगावला पोहोचेपर्यंत हा कोन सहा अंशांवर येतो. नकाशा समोर धरला की कारण दिसते: चिकलठाणा जळगावच्या जवळजवळ थेट दक्षिणेला, इंदूर जवळजवळ थेट उत्तरेला. दोन्ही रेघा एकाच उभ्या ओळीत येतात. जळगावात सुरतेकडून आणि मुंबईकडून येणारे रूळ मिळतात ना, स्टेशनाजवळ ते नेमके कुठे एक झाले हे डब्यातून बोट ठेवून सांगता येत नाही, तसे या रेघांचे होते. सहा अंशांच्या छेदात इंदूरचा एक अंश चुकला, तर छेदबिंदू उत्तर-दक्षिण सतराअठरा मैल घसरतो. एक फुली गिरणेकाठी पडेल आणि दुसरी तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी. ढगांखाली उतरायच्या वेळी हा फरक किती महाग पडेल, ते सातपुडा पाहिलेल्याला सांगायला नको. चूक आणखी थोडी वाढली तर दोन रेघा छेदायच्याच बंद होतात. ते एका अर्थी बरे, निदान कळते तरी. वाईट असतो तो नीटनेटका दिसणारा, पण चुकीच्या जागी पडलेला छेद.

म्हणून जळगावसाठी इंदूर सोडून दिले. पहिल्या दर्शकावर चिकलठाण्याचा ०११ आधीच लावून ठेवला आणि डोळा डीएमईवर. इथे आणखी एक गोंधळ झाला. फ्रॉम होते आणि काटा उजवीकडे कडेला टेकलेला होता. विद्यार्थी उजवीकडे वळू लागला. काट्याकडे वळायचे हे त्याला शिकवलेले होते, पण ते निवडलेल्या रेषेवरून उडत असताना लागू पडते. तोंड ०११ कडे केले असते तर ती रेषा उजवीकडे असती, एवढेच काटा म्हणत होता. विमानाचे नाक पूर्वेकडे होते, म्हणजे ती रेषा नाकासमोरच होती. सरळ जात राहायचे, रेषा आपल्याकडे येईल. रेडियल ००१ झाल्यावर काटा कडेवरून सुटतो. जळगावच्या या अंतरावर दहा अंश म्हणजे सुमारे १२ मैल, या वेगाला पाच मिनिटांच्या आत-बाहेर. काटा सुटला की घड्याळ पाहावे. एका ठिपक्याला ५५ सेकंद लागत असतील तर वेग आणि अंतर दोन्ही अपेक्षेप्रमाणे आहेत.

या वेळावरून केंद्राचे अंतर काढायची एक रीत जुनी मंडळी वापरत. दहा अंश ओलांडायला लागलेल्या सेकंदांना दहाने भागले की केंद्रापर्यंतची मिनिटे मिळतात. डीएमई बंद पडले तर हीच वापरू का, असे वर्गातल्या एकीने विचारले. उत्तर जळगावसाठी तरी नाही असे आहे. ६७ मैलांवरून जाताना दहा अंशांना २८० सेकंद लागतील आणि ७३ वरून जाताना ३०५. फरक पंचवीस सेकंदांचा, आणि वाचनात एक अंश चुकला की त्याहून जास्त सेकंद त्यातच जातात. केंद्र वीस मैलांवर असेल तेव्हा ही रीत उपयोगी पडते. इथे तिच्याकडून उत्तर-दक्षिण जागा काढणे म्हणजे अंदाजाला दशांशचिन्ह लावणे.

डीएमई नसेल तर याच मार्गावर काय करायचे, त्याचे उत्तर मार्गाच्या पश्चिम भागात आहे. गोंदूरवर या दोन केंद्रांचा छेद ६० अंशांचा असतो, फक्त तिथे इंदूर मिळायला आणखी उंची लागते. अमळनेरवर तो ३७, पारोळ्यावर ३३. छेद ३० अंशांच्या खाली गेला की तो घेऊ नये असा नेहमीचा दंडक आहे, आणि अमळनेर-पारोळा ओलांडून थोडे पूर्वेला गेले की आपण त्या खाली येतो. म्हणजे इंदूर पल्ल्यात आल्यापासून पारोळ्याच्या रेषेपर्यंत जेमतेम काही मिनिटांची खिडकी मिळते. त्या खिडकीत एक नव्हे, दोन छेद घ्यायचे, मधे तीनेक मिनिटे ठेवून. एका छेदात जागा मिळते, दोघांतून प्रत्यक्ष मार्ग मिळतो, आणि नाकाची दिशा त्या मार्गाशी ताडली की वारा किंवा बिघडलेला दिशादर्शक तिथेच पकडता येतो. पुढचा जळगावपर्यंतचा प्रवास मग त्या दुरुस्त दिशेवर आणि घड्याळावर, आणि पोहोचल्याची खूण म्हणून ०११ चा काटा.

वर्गाच्या नकाशावर आता अमळनेर आणि पारोळा जोडणारी उभी पेन्सिलरेघ आहे. तिच्या पश्चिमेला दोन व्हीओआर लिहिले आहे, पूर्वेला चिकलठाणा आणि डीएमई. जळगावहून धुळ्याकडे येतानाही तीच रेघ वापरतात, फक्त तेव्हा पहिला भाग आंधळा आणि दुसरा डोळस असतो. जळगावहून दीडशे नॉटने निघालेल्याने पहिल्या बारा मिनिटांत दोन व्हीओआरची फुली मारली, तर मी ती खोडायला लावतो.